हॉस्टेलचे मीम: सगळ्यांचा अनुभव, की सगळ्यांना चिकटवलेला साचा?

पुरवणी_द्या_सर
मेसची पातळ डाळ, ७५ टक्क्यांची हजेरी आणि आदल्या रात्रीचा अभ्यास. हॉस्टेलच्या मीमचं सगळं भांडवल या तीन गोष्टींत संपतं. माझं म्हणणं असं की हे मीम आता कुणाच्या अनुभवातून येतच नाहीत. हिंदी पेजवरचा फोटो उचलायचा, खाली मराठी ओळ टाकायची, आणि कमेंटमध्ये दोनशे जण "सेम भावा" म्हणतात. खरंच सेम असतं का? पटत नसेल तर नेमकं उदाहरण द्या. "आठवणी ताज्या झाल्या" हे उत्तर नाही.

तळाची_डाळ
उदाहरण देतो. डाळीवरचे मीम दोन जातीचे असतात. एक, "डाळीत डाळ शोधून दाखवा, बक्षीस मिळवा". हे कुठल्याही मेसला चालतं, म्हणून त्यात दम नाही, तुमचं बरोबर. दुसरं, "८ ला गेलेला पाणी पितो, पावणेनऊला गेलेला गरम पाणी पितो". याला हसायला मेसमध्ये जेवलेलंच असावं लागतं, कारण त्यामागे खरी प्रक्रिया आहे.

२०० पानांची मेस धरा. माणशी २५ ग्रॅम तूरडाळ म्हणजे ५ किलो. दीडशे मिलीची वाटी धरली तर २०० वाट्यांना ३० लिटर वरण लागतं. म्हणजे डाळीच्या सहापट. हे पातळच, पण चालण्यासारखं. आता वाढपी पातेलं ढवळत नाही. शिजलेली डाळ तळाशी बसते, वर हळदीचं पाणी राहतं. ८ वाजता जो जातो त्याला वरचं पाणी मिळतं. साडेआठला गर्दी होते, लोक दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात, पातेलं अर्ध्यावर येतं, मग महाराज चुलीवरचं उकळतं पाणी आणि चमचाभर तिखट-मीठ ओततो. पावणेनऊवाल्याला ते मिळतं. आणि अगदी शेवटी, सव्वानऊला जो जातो त्याला तळाचा घट्ट गाळ मिळतो, पण तोवर पोळ्या संपलेल्या असतात.

मेसवाला डाळच कमी घालतोय की नुसतं ढवळत नाहीये, हे ओळखायचं असेल तर पळी तळापर्यंत घालून वर काढा. पळीत घट्ट आलं तर दोष वाढप्याचा. तळालाही पाणीच असेल तर दोष कोठीचा. हे ज्याला माहीत आहे त्याला दुसऱ्या मीमवर हसू येतं आणि पहिल्यावर येत नाही. साचा आणि अनुभव यातला फरक एवढाच.

पुरवणी_द्या_सर
मान्य, मीम चांगलं आहे. पण तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. असे मीम किती येतात? शंभरातले पाच. बाकीचे ९५ "पनीरमध्ये पनीर नाही". आमच्याकडच्या कितीतरी मेसमध्ये पनीर फक्त रविवारच्या फीस्टला असतं. रोज मटकी, फ्लॉवर-बटाटा, सोयाबीन. मग हा पनीरचा विनोद आला कुठून? उत्तरेतून. आम्ही उधारीवर हसतोय.

रस्सा_एकच
पनीरचं सोडा, पण "रस्सा तोच, फोडी वेगळ्या" हे अस्सल इथलं आहे. कांदा, सुकं खोबरं, लसूण आणि गरम मसाल्याचं वाटण सकाळीच एकदा काढतात. सोमवारी त्यात मटकी, मंगळवारी बटाटा, बुधवारी अंडी. शाकाहारी पोरगं बुधवारी त्याच रश्शात सोयाबीन खातं. हे आळशीपणाने होत नाही. ३२०० रुपये महिना धरा, दोन वेळ, रविवारची रात्र बंद. म्हणजे साधारण ५६ जेवणं. एका ताटाला ५७ रुपये पडतात. त्यात गॅस, पोळीवाल्या मावशी, महाराज, भाडं, लाईटबिल. उरलेल्यात रोज वेगळं वाटण काढायला दुसरा माणूस ठेवणार कोण?

आणि पोळी. "मेसची पोळी फ्रिसबी म्हणून वापरा" हा मीम सगळीकडे आहे, पण ती तशी होते का, ते कुणी विचारत नाही. २०० पोरं, माणशी चार, म्हणजे ८०० पोळ्या. एका मावशीच्या हातून तासाला शंभराच्या आसपास होतात. तीन मावशी असतील तर अडीच तासांच्या वर काम. आठच्या जेवणासाठी साडेपाचला लाटायला बसतात. पहिली पोळी ताटात येते तेव्हा ती अडीच तासांची असते. क्रेटमध्ये उघडी ठेवली, वर पंखा, तर वाळून कडक. गरम असतानाच झाकणाच्या डब्यात रचली तर घाम धरून चिवट. दोन्हीवर उपाय एकच: मिनिटभर वाफ जाऊ द्यायची आणि कापड घातलेल्या टोपलीत झाकायची. गर्दीच्या वेळी ते मिनिटच मिळत नाही.

चहा_दोन_वाजता
आणि भातातला सोडा? तो मीम का राहिला. पोट लवकर भरावं म्हणून मेसवाले सोडा घालतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

तळाची_डाळ
सगळ्यांना माहीत आहे म्हणजे खरं आहे असं नाही. छोले, राजमा लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर सोडा घालणारे आहेत. भातात घातला तर भात पिवळसर पडतो, गिच्च होतो, जिभेला साबणासारखा लागतो. शंका असेल तर पांढऱ्या भातावर हळद टाकून कालवा. लालसर झाली तर सोडा बऱ्यापैकी आहे. हे डाळीवर करू नका, टोमॅटो किंवा चिंच असली की तिथे कळणार नाही. जेवण जड वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा तेलाची तर्री आणि पोळ्यांची संख्या असते. पण "सोडा" म्हणायला सोपं, त्यावर मीम होतो.

लातूरची_आई
माझी मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पुण्यात जाते आहे. तुमचं सगळं वाचून काळजी वाटायला लागली. मेस एवढी वाईट असते का? चांगली मेस कशी ओळखायची ते कुणी सांगेल का?

रस्सा_एकच
काकू, इथे मीमवरून भांडण चाललंय, पण विचारलंत ते बरं केलंत. मेस बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. त्या दिवशी फीस्ट असते, गुलाबजाम आणि पुलाव बघून पालक खूश होऊन पैसे भरतात. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री पावणेनऊला जा आणि एका ताटाचे पैसे देऊन जेवा. डाळीची पळी तळापर्यंत घालून बघा. मग खाड्याचा नियम विचारा. मुलगी गावी आली तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का, सलग किती दिवस लागतात, आधी किती वेळ सांगावं लागतं. बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी वहीत नोंद असं असतं. शनिवार-रविवारचा खाडा त्यामुळे कधीच मिळत नाही, आणि पोरं नेमकी शनिवार-रविवारीच घरी येतात. पहिल्याच महिन्यात तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका, एवढंच.

नऊचं_गेट
काकूंना अजून एक: हॉस्टेलची मेस सक्तीची आहे की बाहेरचा डबा चालतो, तेही विचारा. सक्तीची असेल तर बाकी सगळी माहिती शोभेची.

आता मूळ मुद्दा. "सेम भावा" मधला भावा हाच माझा आक्षेप आहे. रात्री दोनला टपरीवर चहा, गेटवरून उडी, ग्राउंडवर बसून युनिट वाटून घेणं, हे मीम मुलांच्या हॉस्टेलचे आहेत. मुलींच्या हॉस्टेलला इन-टाइम असतो, कुठे साडेआठ, कुठे नऊ. त्यानंतर रेक्टर मॅडम रात्रीची हजेरी घेतात, मजल्यावर येऊन, सहीसकट. म्हणजे आमच्याकडे हजेरीचा विनोद वर्गातला नसतोच, रात्रीचा असतो. आणि आदल्या रात्रीचा अभ्यास म्हणजे केटलीतली मॅगी. इंडक्शन पकडली जाते, केटली "पाणी गरम करायला" म्हणून वाचते. कॉइल लावली की अख्ख्या मजल्याचा एमसीबी पडतो आणि कुणाच्या खोलीतून पडला ते शोधायला मॅडम येईपर्यंत ती कॉइल बादलीखाली गेलेली असते. यावरचे मीम आमच्या विंगच्या ग्रुपवर फिरतात, मोठ्या पेजवर कधी येत नाहीत. कारण पेज चालवणाऱ्यांना ते कळत नाहीत. मग "सगळ्यांचा अनुभव" हे कोण ठरवतंय?

पुरवणी_द्या_सर
हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही चांगलं मांडलंत.

तळाची_डाळ
उलट. तुमच्या विंगच्या ग्रुपवर मीम आहेत म्हणजे अनुभवातून मीम येतात हेच सिद्ध झालं. मोठ्या पेजवर येत नाहीत हा पेजचा दोष.

डिफॉल्टर_मित्र
हजेरीचे मीम तर आता बंदच व्हायला हवेत. कोर्टाने ७५ टक्के रद्द केलेत. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देणं बेकायदा आहे. सिनिअर लोकांनो, जुन्या जमान्यातून बाहेर या.

रोलनंबर_६८
थांबा, हे अर्धवट वाचून पोरं तास बुडवतील. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो लॉच्या विद्यार्थ्यांबद्दल होता. तिथे नियम बार कौन्सिलचा, आणि तो ७० टक्क्यांचा, ७५ चा नाही. त्यावरून तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची टर्म ग्रँट होईल असं समजू नका. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा, कॉलेजचं परिपत्रक वेगळं.

आणि हजेरीचे मीम कालबाह्य तर अजिबात नाहीत. उलट सगळ्यात अचूक तेच असतात, कारण त्यामागे गणित आहे. डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर येणारा तो मीम बघा: "आता रोज बसणार" आणि खालच्या चित्रात "आता बसून उपयोग नाही". हे नेमकं कधी खरं होतं ते सांगतो.

७५ टक्क्यांसाठी इथून पुढे सलग किती तास बसावं लागेल, ते काढायचं असेल तर आत्तापर्यंत झालेल्या तासांची तिप्पट करा आणि त्यातून बसलेल्या तासांची चौपट वजा करा. आठवा आठवडा संपला, १२० तास झाले, पोरगं ७८ ला बसलं. ६५ टक्के. ३६० वजा ३१२, म्हणजे ४८. एकही न बुडवता ४८ तास. आठवड्याला १५ तास असतील तर सव्वातीन आठवडे, आणि टर्मचे चार आठवडे शिल्लक आहेत. जमतंय, असं वाटतं. मग त्यातला एक आठवडा गॅदरिंगमध्ये जातो, तास होत नाहीत. उरले ४५. सगळे बसला तरी १६५ पैकी १२३. टक्के ७४.५. एक तास कमी.

तो एक तास कुठे गेला हे प्रत्येक हॉस्टेलवाल्याला माहीत असतं. शुक्रवारची दुपार. गावाकडची एसटी चारला सुटते, शेवटचं लेक्चर पावणेचारला संपतं. घरून येऊन-जाऊन करणाऱ्याचा शुक्रवार बुडत नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये त्यात गणपती आणि दिवाळीची भर पडते, सुट्टी सोमवारपासून असली तरी हॉस्टेल गुरुवारी रात्रीच रिकामं होतं.

डिफॉल्टर_मित्र
ठीक, लॉपुरतं असेल. पण ७४.५ चं ७५ करतातच की. राऊंड ऑफ.

रोलनंबर_६८
काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी ७४.९ ला पण पत्र घरी जातं. एचओडीवर आहे. शिवाय टक्के एकूण धरतात की प्रत्येक विषयाचे वेगळे, हे आधी विचारा. एकूण ७८ असूनही एका विषयात ५५ असेल तर तिथे टर्मवर्कला अडकतं. प्रॅक्टिकलचे दोन तास एक धरतात की दोन, यानेही आकडा हलतो. दोन धरत असतील तर एक प्रॅक्टिकल बुडवणं म्हणजे दोन लेक्चर बुडवणं, आणि हे पोरांना लिस्ट लागल्यावर कळतं.

काडेपेटी_स्टेथो
मेडिकलला थिअरी ७५, प्रॅक्टिकल-क्लिनिकल ८०. तुमचे मीम आम्हाला बालवाडीचे वाटतात. शिवाय तुमच्या प्रॉक्सीचे विनोद वॉर्डात चालत नाहीत, बॅच छोटी असते, सर तोंड ओळखतात.

चहा_दोन_वाजता
म्हणजे "सेम भावा" मध्ये मेडिकलवाले पण नाहीत. 😂

एमथ्री_बॅक
आदल्या रात्रीच्या अभ्यासाबद्दल कुणी नीट बोललंच नाही. तिथे तर विद्यापीठ बदललं की विनोद मरतो.

पुण्याच्या २०१९ पॅटर्नला इन-सेम ३० ची, पहिल्या दोन युनिटवर. एण्ड-सेम ७० ची, युनिट तीन ते सहावर. पेपरात एक किंवा दोन, तीन किंवा चार, असे जोड असतात. प्रत्येक जोड एका युनिटचा, १७-१८ मार्कांचा. म्हणजे पर्याय युनिटच्या आत आहे, युनिट सोडायला पर्याय नाही. त्यामुळे रात्री अकराला हॉस्टेलवर जी वाटणी होते ती अशी: कुणाला इन-सेमला किती, त्यावर ठरतं किती युनिट करायचे. समजा इन-सेमला १४ आहेत आणि पासिंग दोन्ही मिळून ४० आहे. हवे २६. दोन युनिट बऱ्यापैकी करून ३५ पैकी २४ निघाले, तरी दोन कमी. मग तिसऱ्या युनिटची निदान आकृती आणि व्याख्या करायची. म्हणून आमच्याकडचा मीम "अडीच युनिटचा राजा" असा असतो. "दोन युनिट" म्हटलं की ज्याने पेपर दिलाय तो हसत नाही, त्याला माहीत असतं की दोनात बसत नाही.

मुंबईचा ८० मार्कांचा पेपर होता त्यात पहिला प्रश्न सक्तीचा, बाकी पाचांतून कुठलेही तीन. तिथे दोन प्रश्न अख्खे सोडता यायचे, पण सक्तीच्या प्रश्नात सगळ्या सिलॅबसचे तुकडे. मुंबईवाल्यांचे मीम "क्यू वन कंपल्सरी" वर असायचे. ते पुणेकराला दाखवा, तो विचारेल यात विनोद काय. आता नवीन धोरणाने पॅटर्न पुन्हा बदलतायत, म्हणजे "अडीच युनिट" पण दोन वर्षांत म्हातारं होणार.

पुरवणी_द्या_सर
मग विनोद विद्यापीठाबाहेर जाऊ शकत नाही, आणि जो बाहेर जातो त्यात काही उरत नाही. माझ्या पहिल्या पोस्टपासून वेगळं काय म्हणताय?

एमथ्री_बॅक
वेगळं हे की तुम्ही त्याला उधारी म्हणताय. मी म्हणतो, विद्यापीठाएवढाच अनुभव "सगळ्यांचा" असतो, आणि तेवढा पुरतो. अख्ख्या देशाला हसवायचं कंत्राट कुणी घेतलंय?

फुल_सेट_वाचला
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. हे मीम टाकतं कोण? जो सुटला तो. "रात्रभर वाचून ६८ आले" हा मीम असतो. ज्याने रात्रभर वाचलं आणि वायडी लागला, तो ग्रुपवरून गायब असतो, रूम बदलतो, त्याचा मीम येत नाही. वर्गातला पहिला आलेला पण "काहीच वाचलं नाही" वाला मीम टाकतो, आणि त्याचं टेक्निकलचं पुस्तक ऑक्टोबरपासून रंगवलेलं असतं. पहिल्या वर्षाची पोरं हे बघून समजतात की ही अभ्यासाची पद्धत आहे.

ती कुठे चालते, कुठे नाही, हेही मीम सांगत नाही. थिअरीचा विषय, गेल्या चार पेपरांतले प्रश्न फिरून येणारे, तिथे एका रात्रीत पासिंगपुरतं होतं. एम-थ्री, थर्मो, स्ट्रक्चर अशा विषयांना रात्री सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं समजतं आणि पेपरात पहिली ओळ सुचत नाही. कारण वाचणं आणि हाताने सोडवणं वेगळं. पहाटे चारला ओळखायची खूण सोपी आहे: पुस्तक बंद करून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर शेवटपर्यंत जातं का बघा. अडलात तर ते युनिट तुमचं झालेलं नाही, दुसरं धरा.

एमथ्री_बॅक
नाव बघा माझं. मला सांगू नका. 🙏

जव्हारकर
इथवर सगळं वाचलं. सगळ्यांनी गृहीत धरलंय की मेस वाईट असते आणि तिच्यावर हसायचं असतं. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. तेव्हा त्याविरुद्ध पोरापोरींनी पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला होता. मागणी काय होती? मेस सुरू ठेवा.

कारण साधं आहे. खात्यात पैसे वेळेवर आले नाहीत तर बाहेरची खानावळ उधार देत नाही. आले तरी घरी अडचण असेल तर त्यातले पैसे घरी जातात आणि पोरगं एक वेळ जेवतं. मुलींना रात्री जेवायला बाहेर जावं लागतं. मेसची डाळ पातळ असली तरी ती रोज ठरलेल्या वेळेला असते. "मेसपेक्षा उपाशी बरं" हा मीम तुमच्या ग्रुपवर चालतो. तो ज्या पोरांनी मेससाठी रस्त्यावर पाय झिजवले त्यांना पाठवून बघा.

रस्सा_एकच
हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण एक विचारतो: वसतिगृहात मेस असताना तिथे डाळीवर विनोद होत नसत का?

जव्हारकर
होत ना. भरपूर. पण ते आतले आतच असत, गृहपालांवर, ठेकेदारावर, आठवड्याच्या तक्त्यावर. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात अंडी, फळ, दूध लिहिलेलं असतं आणि ताटात केळं अर्धं येतं. त्यावर पोरं बोलणारच. पण त्यातलं कुणी "उपाशी बरं" म्हणत नसे. विनोद ठेकेदारावर होता, जेवणावर नव्हता. तुमच्या मीममध्ये ठेकेदार कुठेच नसतो. डाळच दोषी.

तळाची_डाळ
हा फरक पटला. मी वर वाढप्याचा दोष, कोठीचा दोष म्हणालो, मीममध्ये ते कधी येत नाही हे खरं.

नऊचं_गेट
आणि म्हणूनच मीमने तक्रार मरते. आमच्याकडे मेसची तक्रारवही असते, पानं कोरी. ग्रुपवर रोज दहा मीम. ज्याचं काढायचं होतं ते हसून निघून गेलं, वहीत लिहायला कोण जाणार?

रस्सा_एकच
वहीत लिहून काय होतं तेही बघितलंय लोकांनी. "डाळ पातळ" असं लिहिलं की मेसवाला दुसऱ्या दिवशी एक दिवस घट्ट करतो. उलट फोटोवर तारीख, वार, वेळ टाकून महिनाभराचे मीम काढले तर मेस कमिटीच्या बैठकीत तेच कागद म्हणून ठेवता येतात. बुधवारी ८.५०, पातेल्याच्या तळाची पळी, फोटो. असे चार बुधवार. ठेकेदाराला त्यावर "एखाद्या दिवशी होतं" म्हणता येत नाही. काही जुन्या हॉस्टेलांत पोरंच मेस चालवतात, महिन्याचा एकूण खर्च भागिले हजर दिवस, तसं बिल निघतं. तिथे मीम सरळ मेस सेक्रेटरीच्या हिशेबावर असतात, आणि त्याला नोटीसबोर्डावर उत्तर द्यावं लागतं.

नऊचं_गेट
तारीख-वार टाकलेला फोटो म्हणजे तक्रारच झाली. त्याला मीम कशाला म्हणायचं?

रस्सा_एकच
कारण तक्रार कुणी पुढे पाठवत नाही. मीम पाठवतात.

पुरवणी_द्या_सर
मी अजून माझ्या मतावर आहे, थोडं बदलून. साचेबंद मीम उधारीचे आहेतच. पण अस्सल मीम किती छोट्या घोळक्यात चालतात हे मी धरलं नव्हतं: एक विद्यापीठ, एक विंग, एक मेस. जव्हारकरांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकी कुणाकडे असेल तर लिहा.

काडेपेटी_स्टेथो
उत्तर नाही, प्रश्न आहे. डबेवाल्याकडून घेणाऱ्यांचं काय? अर्धी पोरं आता कॉट बेसिसवर बाहेर राहतात. त्यांना मेस नाही, रेक्टर नाही, इन-टाइम नाही. मीम तरी तेच पाठवतात.

लातूरची_आई
खाड्याचं विचारलं आज फोन करून. सलग चार दिवस लागतात म्हणाले, आणि दिवाळीचे धरत नाहीत. हे बरोबर आहे का?

रस्सा_एकच
काकू, दिवाळीत मेस पूर्ण बंद असेल तर त्या दिवसांचे पैसे महिन्यातच कमी लागायला हवेत, खाड्याचा प्रश्नच येत नाही. नोव्हेंबरचे पूर्ण घेतात की दिवसांप्रमाणे, ते लेखी मागा. व्हॉट्सअॅपवर विचारलंत तरी चालेल, उत्तर जपून ठेवा.